ड्रेनची बॅग गढूळ आली? या चुका टाळा

ड्रेनची बॅग वर्तमानपत्रावर ठेवायची आणि तिच्यातून खालची अक्षरं वाचून बघायची, हे मी सीएपीडीच्या, म्हणजे घरीच पोटात पाणी भरून-काढून डायलिसिस करणाऱ्या, प्रत्येक पेशंटला पहिल्याच दिवशी शिकवते. अक्षरं पुसट दिसली तर पोट दुखायची वाट बघायची नाही, लगेच फोन करायचा.

आमच्या एका काकांनी फोन केला, पण दोन दिवसांनी. "सिस्टर, ताकासारखं पाणी आलं, ओतून टाकलं. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, दोन घेतल्या." म्हणजे एका दमात तीन चुका. उशीर झाला, बॅग गेली आणि सँपल देण्याआधीच अँटिबायोटिक पोटात गेलं.

आल्यावर ताजं पाणी भरून दोन तास ठेवलं, मग सँपल काढलं. पांढऱ्या पेशी १२४०, त्यातल्या ८२ टक्के न्यूट्रोफिल. शंभराच्या वर पेशी आणि निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल असले की पेरिटोनायटिस, म्हणजे पोटाच्या आतल्या पडद्याचा संसर्ग, धरून उपचार सुरू करतात, जंतू ओळखायच्या कल्चरसाठी थांबत नाहीत. पाणी पोटात थोडाच वेळ राहिलं असेल तर आकडा फसवा कमी येतो, तेव्हा न्यूट्रोफिलची टक्केवारी बघायची. कल्चरचं पाणी आम्ही तिथल्या तिथे ब्लड कल्चरच्या बाटल्यांत भरलं, तरी रिपोर्ट कोराच आला. गोळ्यांची कृपा!

सेफाझोलिन आणि सेफ्टाझिडिम डॉक्टरांनी वजनानुसार रात्रीच्या बॅगेत सुरू केलं. औषधाची बॅग पोटात किमान सहा तास राहायला हवी. काकांना पोट जड वाटलं म्हणून त्यांनी ती तीन तासांत काढली. अशाने औषधाचा बराचसा भाग ड्रेनमध्येच जातो. तिसऱ्या दिवशी पेशी ३४० वर आल्या, पाचव्या दिवशी पाणी स्वच्छ. पाच दिवसांतही पाणी निवळलं नसतं तर कॅथेटर काढावा लागला असता. पाणी निवळल्यावर "आता कशाला?" म्हणून औषध थांबवायची घाई त्यांनाही झाली होती, पण चौदा दिवस पुरे करून घेतले.

कोर्स संपून तीन आठवडे झाले आणि पुन्हा गढूळ. या वेळी बॅग घेऊन, गोळी न घेता आले. स्टॅफ एपिडर्मिडिस निघाला. हा जुनाच जंतू की नवा, हे सांगायला आधीचं कल्चर हवं होतं, तेच कोरं. चार आठवड्यांच्या आत उलटलेलं म्हणून जंतू कॅथेटरच्या आतल्या चिकट थरात दडून बसल्याचा संशय घेतला, आणि पाणी स्वच्छ झाल्यावर कॅथेटर बदलला.

हा जंतू कातडीवरचा, बहुतेकदा हातातून जातो. म्हणून मी काकांना माझ्यासमोर एक्स्चेंज, म्हणजे बॅगेची अदलाबदल, करायला लावलं. मास्क होता, पंखा बंद होता, हातही नीट धुतले. मग ते हात त्यांनी खांद्यावरच्या पंचाला पुसले आणि बॅगेची टोपी काढली.