बॅटरी संपून अर्धवट राहिलेला व्हिडिओ पुन्हा कसा उघडावा

कार्तिक सरला की सिंधुदुर्गात गावोगाव जत्रा लागतात आणि रात्रभर दशावतार चालतो. संकासुर येऊन जातो, आख्यान रंगतं, मोबाईलवर चित्रीकरण सुरूच असतं, आणि पहाटे दहीकाल्याच्या आधीच फोन बंद पडतो. चार्ज करून पाहावं तर व्हिडिओ एक तर दिसत नाही, नाहीतर दिसतो पण उघडत नाही. अशा वेळी लोक फाइल डिलीट करून टाकतात. ते करू नका. चित्र आणि आवाज बहुतेक वेळा फाइलमध्ये शाबूत असतात.

नेमकं काय बिघडतं ते समजलं की पुढच्या पायऱ्या सोप्या होतात. फोन चित्रीकरण करत असताना चित्र आणि आवाजाचे तुकडे एकामागून एक फाइलमध्ये टाकत जातो. त्या भागाला `mdat` म्हणतात. कुठला तुकडा कुठे आहे, किती लांबीचा आहे आणि कधी दाखवायचा, याची अनुक्रमणिका मात्र बहुतेक फोन शेवटी, तुम्ही थांबवायचं बटण दाबल्यावर लिहितात. तिचं नाव `moov`. बॅटरी अचानक संपली की ही अनुक्रमणिका लिहायची राहून जाते. पानं सगळी आहेत, पण पोथी सुटी झालीय आणि पानांवर आकडे नाहीत, असा प्रकार. म्हणून प्लेअर बदलून किंवा फाइलचं नाव बदलून काही होत नाही. व्हीएलसीची दुरुस्तीची सोय एव्हीआय फाइलींसाठी आहे, एमपी४ ची हरवलेली अनुक्रमणिका ती बांधून देत नाही.

आधी फाइल शोधा आणि सुरक्षित करा

अँड्रॉइड ११ किंवा त्यापुढच्या फोनवर अर्धवट फाइल गॅलरीत दिसत नसेल तर फाइल मॅनेजरमध्ये लपलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय चालू करा आणि `DCIM/Camera` फोल्डर बघा. तिथे `.pending-` ने सुरू होणारं, पुढे लांबलचक आकडा असलेलं नाव सापडू शकतं. तीच तुमची फाइल. हिच्याबाबत घाई करावी लागते, कारण अशा अपूर्ण फाइली अँड्रॉइड साधारण आठवड्याभराने स्वतःच काढून टाकतं. तिची प्रत करून प्रतीला साधं नाव द्या, म्हणजे केबल लावल्यावर ती संगणकावरही दिसेल. प्रत केबलनेच न्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवायच्या भानगडीत पडू नका.

आता आकार पाहा. फुल एचडी चित्रीकरण अनेक फोनवर मिनिटाला १०० ते १३० एमबी जागा घेतं. अर्ध्या तासाची फाइल तीन-चार जीबीची असेल तर आशा आहे. शून्य किंवा काही केबीच असेल तर त्या फाइलीतून काही निघणार नाही. आकार मोठा दिसूनही आत नुसते शून्य असू शकतात. एचएक्सडी नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये फाइल उघडून खाली सरकत जा. सगळीकडे `00` च दिसलं तर डेटा लिहिलाच गेलेला नाही आणि पुढची मेहनत वाया जाईल.

संगणकावर एफएफएमपेग हा व्हिडिओ हाताळणारा मोफत प्रोग्रॅम असेल तर दुखणं एका ओळीत कळतं:

```
ffprobe tutleli.mp4
```

उत्तरात `moov atom not found` आलं तर हा लेख तुमच्यासाठीच आहे.

नमुना फाइल: सगळं यश इथे ठरतं

दुरुस्तीसाठी `untrunc` हा मोफत प्रोग्रॅम वापरायचा. फेदेरिको पोंचिओ यांनी तो लिहिला. गिटहबवर anthwlock या नावाने त्याची सुधारित आवृत्ती आहे, ती घ्या. विंडोजसाठी ती तयार मिळते. हा प्रोग्रॅम एक चांगली फाइल वाचून फोन तुकडे कसे रचतो ते शिकतो आणि त्यावरून तुटलेल्या फाइलची अनुक्रमणिका नव्याने बांधतो. म्हणून नमुना त्याच फोनचा, त्याच कॅमेरा अ‍ॅपचा, त्याच रिझोल्यूशनचा आणि त्याच फ्रेम रेटचा हवा. एक-दोन मिनिटांचा पुरतो. जुना नमुना नसेल तर नवा काढा, पण तुटलेली फाइल संगणकावर नेल्यानंतरच. कापलेला किंवा फॉरवर्ड होऊन आलेला व्हिडिओ चालत नाही, त्याची रचना बदललेली असते.

दोन्ही फाइली `untrunc` च्या फोल्डरमध्ये ठेवा, फोल्डरच्या वरच्या पत्त्याच्या पट्टीत `cmd` लिहून एंटर दाबा आणि हे द्या:

```
untrunc namuna.mp4 tutleli.mp4
```

आधी नमुना, मग तुटलेली, हा क्रम चुकवू नका. काम झालं की नावात `_fixed` असलेली नवी फाइल त्याच फोल्डरमध्ये येते. तुटलेल्या फाइलला हात लागत नाही.

आवाज आणि चित्र जुळतंय का

खरी परीक्षा इथे असते. माझ्या कुडाळच्या आतेभावाची ३.३ जीबीची फाइल अशीच उघडत नव्हती. मिनिटाला १३० एमबी धरले तर आत सुमारे २५ मिनिटांचं नाटक असायला हवं होतं. नमुना म्हणून त्याने दुपारी अंगणात काढलेला व्हिडिओ दिला. फाइल दुरुस्त झाली, आवाज २५ मिनिटांचा निघाला, पण चित्र २० मिनिटांतच संपलं. सुरुवातीला पखवाजावरची थाप आणि आवाज जवळपास एकत्र पडत होते, पुढे हात आधी आणि आवाज नंतर, आणि अंतर वाढतच गेलं.

कारण उजेडात होतं. अंधारात अनेक फोन सेकंदाला ३० ऐवजी २४ फ्रेम टिपतात. मांडावरच्या मंद उजेडात २५ मिनिटांत ३६,००० फ्रेम जमल्या. दुपारच्या नमुन्यावरून प्रोग्रॅमने त्या सेकंदाला ३० च्या वेगाने लावल्या, त्यामुळे त्या २० मिनिटांतच उरकल्या. मग त्याच फोनने रात्री, पडवीतल्या एका दिव्याच्या उजेडात मिनिटभराचा नमुना घेतला आणि तोच हुकूम पुन्हा दिला. या वेळी थाप शेवटपर्यंत जुळली.

तसा नमुना मिळवणं शक्य नसेल तर चित्र ताणून आवाजाइतकं लांब करण्याचा पर्याय आहे:

```
untrunc -sv namuna.mp4 tutleli.mp4
```

चित्रीकरणात फ्रेमचा वेग मध्येच बदलला असेल तर यानेही मधल्या भागात थोडा फरक राहतो. तपासायला झांज किंवा पखवाज वाजतानाची जागा घ्या, आणि सुरुवात, मध्य, शेवट अशा तिन्ही ठिकाणी पाहा. संवादात अर्ध्या सेकंदाचा फरक सहज नजरेतून सुटतो.

निघालेली फाइल अपेक्षेपेक्षा फारच छोटी असेल तर प्रोग्रॅम मध्ये कुठेतरी अनोळखी तुकड्यावर अडला आहे. `-sv` च्या जागी `-s` दिलं तर तो असे तुकडे ओलांडून पुढे जातो. त्या जागी चित्र क्षणभर चौकोनी-चौकोनी फाटलेलं दिसेल, ते स्वीकारावं लागतं. फोन बंद पडतानाचे शेवटचे काही सेकंद तर कशानेच येत नाहीत, कारण ते मेमरीतून साठवणीत पोचलेलेच नसतात.

फाइल चढवायला सांगणाऱ्या दुरुस्तीच्या वेबसाइटांकडे मी लोकांना पाठवत नाही. गावच्या नेटवर तीन जीबी चढवायचे, थोडीशी झलक बघायची आणि पूर्ण फाइलसाठी पैसे भरायचे, हा व्यवहार मला पटत नाही; शिवाय घरचं चित्रीकरण परक्याच्या हाती जातं.

दुरुस्त फाइल शेवटपर्यंत पाहून होईपर्यंत मूळ तुटलेली फाइल आणि नमुना दोन्ही ठेवा. नव्या फाइलीत चित्रीकरणाची तारीख बरोबर असेलच असं नाही, तेव्हा गाव, आख्यान आणि जत्रेची तारीख तिच्या नावातच लिहा.