फोनवरच्या साक्षीचा गोषवारा लिहिण्याआधी, आणि त्यातला 'खंय'

बातमीसाठी फोनवर घेतलेल्या साक्षीचा गोषवारा लिहायला इअरफोन, वही आणि सलग तासभर हवा. रेकॉर्डिंगची एक प्रत बाजूला ठेवा आणि मूळ फाइलला हात लावू नका. वहीच्या माथ्यावर फोनची तारीख, वेळ, रेकॉर्डिंग किती मिनिटांचं आणि रेकॉर्ड करतोय हे साक्षीदाराला सांगितलं होतं का, एवढं लिहा. पहिल्यांदा न लिहिता पूर्ण ऐका. कंटाळा येतो, पण माणूस पंधराव्या मिनिटाला तिसऱ्या मिनिटाचं बोलणं फिरवतो, आणि लिहीत ऐकणाऱ्याला ते कळत नाही.

आता मुख्य गोष्ट, मागच्या वेळी माझ्याकडून सुटलेली: साक्षीदार कोकणीत बोलतो, आपण मराठीत लिहितो, आणि मध्ये 'खंय' गळतो. 'माती शेतांत घालतात खंय' म्हणजे माती शेतात टाकतात म्हणे. 'खंय' वाक्याच्या शेवटी असतो, हळू आवाजात येतो, फोनवर निम्मा ऐकूच येत नाही. तो गळला की गावातली चर्चा डोळ्यांनी पाहिलेली घटना होऊन छापली जाते. म्हणून एक फेरी फक्त वाक्यांचे शेवट ऐकण्यासाठी ठेवा.

समजा डोंगरकापणीचं प्रकरण आहे. बाई सांगतात, 'राती दोन वरांचेर जेसीबीचो आवाज जातालो. हांवें जनेलांतल्यान पळयलें, दोन ट्रक भरून गेले. माती शेतांत घालतात खंय. परवानगी ना.' घाईतला गोषवारा असा होतो: साक्षीदाराने जेसीबी आणि दोन ट्रक पाहिले, माती शेतात टाकतात, परवानगी नाही. चारपैकी तीन गोष्टी चुकल्या. ट्रक पाहिले, हे खरं. जेसीबी पाहिलेला नाही, त्याचा फक्त आवाज ऐकला. शेताचं लोकांकडून कळलं. आणि परवानगीचं बाईंना कसं कळलं, हे त्यांनी सांगितलंच नाही. प्रत्येक दाव्याची वेगळी ओळ करा, आधी मिनिट-सेकंद, मग दावा, मग कंसात कळलं कसं: पाहिलं, आवाज ऐकला, लोकांकडून, अंदाज, किंवा सांगितलं नाही. 'सांगितलं नाही' ही नोंद वगळू नका, पुढच्या फोनचा पहिला प्रश्न तोच असतो.

पडताळणीचा रकाना यापासून वेगळा. 'पाहिलं' म्हणजे 'पडताळलं' नव्हे. ट्रक डोळ्यांनी पाहिले असले तरी आपल्यासाठी ते 'पडताळणी बाकी'च, आणि पुढे कशाने पडताळणार तेही तिथेच लिहा: दुसरा शेजारी, चाकांच्या खुणा, कापलेल्या कड्याचा तारखेसह फोटो. परवानगीचा दावा डोळ्यांनी सिद्ध होतच नाही. डोंगर कापणं आणि सखल जमीन भरणं, दोन्ही गोव्याच्या नगर नियोजन कायद्याच्या कलम 17अ खाली येतं, तेव्हा विचारायचं नगर नियोजन खात्याला, सर्व्हे नंबर देऊन. एक-चौदाच्या उताऱ्यावर जमीन कोणाच्या नावे ते दिसतं, कापायची परवानगी दिसत नाही. आणि खात्याचं उत्तर येईपर्यंत गोषवाऱ्यात 'बेकायदा' हा शब्द आपल्या तोंडचा नको. बाई म्हणाल्या असतील तर अवतरणात, वेळेसकट.

सर्व्हे नंबर पुन्हा विचारून घ्या. आकडे बरेचदा इंग्रजीत सांगतात, आणि फोनवर फिफ्टीन आणि फिफ्टी सारखेच ऐकू येतात. खात्री नसेल तर दोन्ही लिहून प्रश्नचिन्ह करा. रात्रीच्या वेळेचंही तसंच. 'शनिवारी राती दोन वरांचेर' म्हणजे तारखेने रविवार असू शकतो. बाईंचा शब्द तसाच ठेवा आणि तारीख शेजारी लिहा.

स्वतःचे प्रश्नही लिहा. 'कंत्राटदाराचीच माणसं होती ना?' आणि पलीकडून 'हय'. यात कंत्राटदार हा शब्द आपला आहे, बाईंचा नाही. अशा ओळीपुढे 'आपण विचारल्यावर होकार' असं लिहा, नाहीतर आठवड्याने तो त्यांचाच दावा वाटेल.

बाकी थोडक्यात. साक्षीदाराचं नाव आणि नंबर वेगळ्या कागदावर, गोषवाऱ्यात फक्त खुणेचं अक्षर. अवतरणं कोकणीत, मराठी अर्थ खाली. संपादकाला पाठवण्याआधी 'पडताळणी बाकी' असलेल्या ओळी रंगवा. आणि पाठवायच्या आधी रेकॉर्डिंग पुन्हा लावून 'पाहिलं' अशी नोंद केलेलं प्रत्येक वाक्य शेवटपर्यंत ऐका: शेवटी 'खंय' आहे का?