गाण्यांच्या याद्या येत नाहीत? रेडिओ क्लबची घोषणा लिहिताना या चुका टाळा

कॉलेजच्या रेडिओ क्लबात मी तीन वर्षं घोषणा लिहिल्या. दर बुधवारी दुपारी एक ते दोन 'ऐकण्याचा तास' असायचा. मुलांनी पाठवलेल्या याद्यांतली गाणी आम्ही कँटीन आणि कट्ट्यावरच्या स्पीकरवर लावायचो. पहिल्या घोषणेनंतर आठवडाभरात एकही यादी आली नाही. ती घोषणा अशी होती:

"सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की, रेडिओ क्लबतर्फे आयोजित करण्यात येणाऱ्या श्रवण उपक्रमासाठी इच्छुकांनी आपल्या आवडत्या गाण्यांच्या याद्या खालील लिंकवर उद्यापर्यंत पाठवाव्यात."

हे वाक्य नोटीस बोर्डाचं आहे. स्पीकरवर 'खालील' असं काही नसतं. शिवाय घोषणा एकदा रेकॉर्ड करून आम्ही रोज तीच वाजवत होतो, त्यामुळे तिच्यातला 'उद्या' रोज एक दिवस पुढे सरकत होता. घोषणेत वार आणि वेळ सांगा, आणि तो वार उलटला की रेकॉर्डिंग काढून टाका. लिंकचं स्पेलिंग स्पीकरवर सांगत बसू नका. हातात वडापाव असलेला मुलगा ते लिहून घेणार नाही. त्याला एक जागा सांगा, म्हणजे जाता-येता ती दिसेल.

याद्या येतात, पण सगळ्यांत तीच दहा गाणी असतात, अशीही तक्रार असते. तिचं मूळ 'आवडती गाणी' या शब्दांत आहे. एवढंच विचारलं की त्या महिन्यात गाजत असलेलं पटकन आठवतं. त्याऐवजी एक प्रसंग द्या: रात्रीच्या एसटीत खिडकीशी ऐकायचं गाणं, आजीच्या घरी पहिल्यांदा ऐकलेलं गाणं. मग कुणी भावगीत देतं, कुणी भजन, कुणी कोळीगीत. घोषणेतला सगळ्यात जास्त वेळ मी या एका ओळीवर घालवायचो.

दुसरं टोक म्हणजे चाळीस गाण्यांची यादी. त्यातली चार आपण निवडली की ज्याची यादी आहे तो नाराज होतो, आणि ते बरोबरच आहे. म्हणून आकडा घोषणेतच सांगा, पण आधी हिशेब करा. एका तासात तीन जणांच्या याद्या लावायच्या, प्रत्येकी चार गाणी, म्हणजे बारा. एक गाणं सरासरी साडेचार मिनिटांचं धरलं तर 54 मिनिटं झाली. बोलायला सहा उरतात, तेवढी पुरतात. कुणी दहा मिनिटांची गझल दिली की हा हिशेब कोसळतो, म्हणून 'चारही मिळून 18 मिनिटांच्या आत' अशी अट ठेवा. ती घोषणेत मात्र नको, फॉर्मवर छापा. ऐकताना माणसाच्या लक्षात तीनच गोष्टी राहतात: काय द्यायचं, कुठे, कधीपर्यंत.

गाण्याचं नुसतं नाव मागितलं तर चुकीचं गाणं लागतं. एकाच नावाची दोन गाणी असतात, जुन्याचं रिमिक्स असतं. नावाबरोबर गायक आणि सिनेमा किंवा अल्बम मागा.

हे सगळं धरून पुढे लिहिलेली घोषणा:

"रात्रीची एसटी, खिडकीची जागा, कानात हेडफोन. पहिलं गाणं कोणतं लावाल? आणि त्यानंतरची तीन? ती चार गाणी आम्हाला द्या, बुधवारी एक वाजता सगळं कॉलेज ती ऐकेल. गाण्याचं नाव, कुणी गायलंय, कोणत्या सिनेमातलं किंवा अल्बममधलं, आणि हीच चार का, ते एका ओळीत लिहा. लायब्ररीच्या दाराशी लाल पेटी आहे. फॉर्म तिथेच ठेवलेत, क्यूआर कोडही लावलाय. पेटी सोमवारी दुपारी चारला उघडू. या आठवड्यात तुमची यादी लागली नाही, तर पुढच्या बुधवारसाठी राखून ठेवू. चार गाणी, लाल पेटी, सोमवारी चारच्या आत."

ही सावकाश वाचायला पाऊण मिनिट लागतं. शेवटची ओळ गाळू नका. कँटीनमध्ये बहुतेकांचं लक्ष घोषणा अर्धी झाल्यावर जातं, त्यांना तेवढीच मिळते.

लिहून झाल्यावर मजकूर क्लबबाहेरच्या एखाद्याला, त्याच्या हातात कागद न देता, एकदाच वाचून दाखवा. दोन मिनिटं दुसरं काही बोला आणि मग विचारा, यादी कुठे टाकायची? तो अडखळला तर जागेचं वाक्य लांबलंय, ते तोडा.

याद्या येतात पण फॉर्मवर नाव नसतं, असं झालं तर मुलांना दोष देऊ नका. आपली निवड सगळ्यांसमोर नावानिशी वाचली जाणार, याचा संकोच असतो. आम्ही फॉर्मवर 'तुमचं नाव वाचू का? हो / नाही' अशी चौकट टाकली. 'नाही'वर खूण केलेल्या एका फॉर्मवर आईच्या गळ्यातल्या चार ओव्या होत्या, फोनवर रेकॉर्ड केलेल्या. त्या बुधवारी आम्ही सुरुवात त्यांनीच केली.