या चुका टाळा: शुगर टेस्टला ग्लुकोजऐवजी साखरेचं पाणी

परळ-लालबागच्या बाजूला एका छोट्या लॅबमध्ये मी रक्त घेण्याचं काम करते. तिथलाच हा प्रसंग, आणि चूक अर्धी माझीही होती.

सव्वीसावा आठवडा चालू असलेल्या एक वहिनी सासूबाईंबरोबर आल्या. गरोदरपणातली शुगर टेस्ट करायची होती. सासूबाई म्हणाल्या, "ग्लुकोज घरूनच पाजून आणलंय हो, साडेआठला. इथे येऊन दोन तास बाकावर कशाला बसायचं?" गर्दी होती. मी वेळ लिहून घेतली, साडेदहाला रक्त काढलं, आकडा आला १०८. या टेस्टमध्ये १४० च्या खाली म्हणजे ठीक. रिपोर्टच्या कागदावर ग्लुकोजचं वजन लिहायची एक जागा असते, ती भरताना मी सहज विचारलं, "पाकीट ७५ चंच होतं ना?"

"पाकीट कुठलं? मेडिकल उघडलं नव्हतं. साखर घातली, चांगली आठ चमचे. ग्लुकोज काय आणि साखर काय, गोडच ना?"

रिपोर्ट तिथेच थांबवला. त्या १०८ ला काहीच अर्थ नव्हता. का नव्हता, ते नीट सांगते, कारण हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो.

१४० हा आकडा ७५ ग्रॅमला बांधलेला आहे

भाजीवाल्याने पाऊण किलोचं वजन टाकून किलोचे पैसे घेतले तर आपण भांडतो. इथे उलट होतं. अर्ध्याहून कमी वजन आपणच पारड्यात टाकतो आणि निकाल पूर्ण मापाचा समजतो. मापात पाप आपलंच, आणि फसतोही आपणच.

ही टेस्ट शरीराला एक ठरलेलं ओझं देऊन बघते. ७५ ग्रॅम ग्लुकोज एकदम पोटात गेलं, तर दोन तासांत इन्शुलिन ते किती आवरतं, एवढाच प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेने १९८० मध्ये हे ७५ ग्रॅमचं माप ठरवलं. आपल्याकडे गरोदर बाईला उपाशी न ठेवता एकाच रक्तात निकाल देणारी पद्धत चेन्नईच्या डॉ. शेषय्यांनी रुजवली, आणि सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्येही तीच आहे: ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिली पाण्यात, पाच ते दहा मिनिटांत संपवायचं, दोन तासांनी रक्त, १४० किंवा जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह. ओझं बदललं की १४० ची रेघही हलते, आणि ती कुठे गेली हे कोणालाच सांगता येत नाही.

आठ चमच्यांचा हिशोब

आता त्या आठ चमच्यांकडे बघू. चहाचा चमचा सपाट भरला तर साधारण ४ ग्रॅम साखर मावते, शीग लावली तर ६-७ ग्रॅम. म्हणजे आठ चमचे हे ३२ ग्रॅमही असू शकतात आणि ५५ ग्रॅमही. आपण मधला आकडा धरू, ४० ग्रॅम.

पण साखर म्हणजे ग्लुकोज नव्हे. साखरेच्या प्रत्येक कणात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज अशी जोडी बांधलेली असते. लहान आतड्याच्या अस्तरावरचं एक पाचक द्रव्य ही गाठ सोडवतं, मगच दोघं रक्ताकडे निघतात. त्यातलं फ्रुक्टोज बहुतेक आतड्यात आणि यकृतातच वापरलं जातं, रक्तातल्या ग्लुकोजच्या आकड्यात ते फारसं दिसत नाही. आणि मशीन मोजतं फक्त ग्लुकोज.

म्हणून ४० ग्रॅम साखरेतून मिळालं जेमतेम २१ ग्रॅम ग्लुकोज. ७५ च्या ऐवजी २१, तिसरा हिस्साही नाही. त्यातही सासूबाईंनी स्टीलची बाटली दाखवली, तर तळाशी न विरघळलेली साखर बसलेली. एवढ्याशा ओझ्यावर मधुमेह असलेल्या बाईचा आकडाही दोन तासांत खाली उतरून शहाण्यासारखा बसू शकतो. १०८ आला, त्यात नवल नाही.

काही जण घरी वजनकाटा असल्याने अभिमानाने सांगतात, "आम्ही साखर मोजून ७५ ग्रॅम घातली." त्यातूनही ग्लुकोज मिळतं साधारण ४० ग्रॅमच.

"मग दुप्पट साखर घालू"

हे सुचणारे हुशार लोक असतात, पण पुढे अडकतात. ७५ ग्रॅम ग्लुकोज मिळावं म्हणून हिशोबाने सुमारे १४२ ग्रॅम साखर लागेल. एक तर एवढं गोड पाणी सकाळी पोटात टिकणं कठीण. आणि टिकलं तरी त्याबरोबर ७५ ग्रॅम फ्रुक्टोजही जातं, जे खऱ्या टेस्टमध्ये नसतंच. एवढं फ्रुक्टोज सगळ्यांचं आतडं पचवत नाही. पोट फुगतं, कळ येते, जुलाब होतात. शिवाय जोडी सोडवायला वेळ लागतो, पाणी घट्ट असल्याने पोटातून पुढे सरकायलाही वेळ लागतो, आणि फ्रुक्टोज यकृताला ग्लुकोज ओढून घ्यायला उद्युक्त करतं. म्हणजे साखर चढण्या-उतरण्याची अख्खी रेषाच वेगळी होते, आणि आपण त्या रेषेवरचा दोन तासांचा एकच ठिपका बघत असतो. ग्लुकोज निवडण्यामागे कारण साधं होतं: त्याला पचवावं लागत नाही, ते तसंच्या तसं रक्तात जातं, त्यामुळे माणसामाणसांतला पचनाचा फरक मध्ये येत नाही.

गुळाचं पाणी, मधाचं पाणी, उसाचा रस, सरबत यांचंही हेच. कोणाच्या तरी आजेसासूबाईंनी चार जिलब्या खाऊन "टेस्ट" केली होती असंही मी ऐकलंय. जिलबीत तर मैदा आणि तूपही येतं.

पाकीट आणलं तरी वाचून आणा

मेडिकलमध्ये "ग्लुकोज द्या" म्हटलं की कधी कधी संत्र्याच्या चवीची डब्बी हातात पडते. उन्हाळ्यात क्रिकेट खेळणाऱ्या पोरांसाठी ती ठीक. पण चवीच्या काही पावडरींमध्ये साखर मिसळलेली असते, म्हणजे आपण फिरून तिथेच आलो. घटकांमध्ये फक्त ग्लुकोज किंवा डेक्स्ट्रोज लिहिलेलं हवं, दोन्ही एकच.

इथे एक बारकी गोष्ट आहे, जी लॅबवालेही विसरतात. नेहमीच्या ग्लुकोज पावडरीत कणाकणाला थोडं पाणी बांधलेलं असतं, तिला मोनोहायड्रेट म्हणतात. त्या पावडरीतून ७५ ग्रॅम शुद्ध ग्लुकोज मिळवायला ८२.५ ग्रॅम पावडर लागते. ७५ ग्रॅमच घेतली तर ग्लुकोज ६८ ग्रॅमच्या आसपास भरतं. साखरेच्या चुकीपुढे ही चूक लहान आहे, पण आकडा १३८ वर अडकलेला असेल तेव्हा लहान वाटत नाही. म्हणून सुटं मोजण्यापेक्षा टेस्टसाठीच बांधलेलं पाकीट घ्या, आणि ते फोडून सगळं टाका. "गोड लागेल म्हणून अर्धं टाकलं" हे वाक्य मी ऐकलंय, तेही रक्त काढून झाल्यावर.

घड्याळ आणि जिने

घरून पिऊन यायची हौस साखरेइतकीच नडते. दोन तास पहिल्या घोटापासून मोजायचे. "निघताना प्यायले" म्हणजे घरातून निघताना, चाळीचा जिना उतरल्यावर, की रिक्षात? आणि मधल्या वेळात करी रोडचा पूल चढायचा, गर्दीत उभं राहायचं, वर लॅबचे दोन मजले चढायचे. स्नायू काम करायला लागले की ग्लुकोज वापरतात आणि आकडा उगाच खाली येतो. म्हणून ते दोन तास बाकावर बसून काढायला सांगतात. कंटाळा येतो हे मान्य.

घरच्या ग्लुकोमीटरवर टेस्ट उरकणाऱ्यांचा आणखी एक घोळ. ग्लुकोज ढवळताना बोटाला लागलेली पावडर रक्ताच्या थेंबात मिसळते आणि आकडा भलताच वर जातो. हात साबणाने धुऊन कोरडे करा, नुसता स्पिरिटचा बोळा पुरत नाही. आणि ग्लुकोज प्यायल्यानंतर बोटाचा आकडा शिरेतल्या रक्तापेक्षा वर असतो, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून ताळा करत बसू नका.

साखरेच्या पाण्यावर टेस्ट झालीच असेल तर

रिपोर्ट देणाऱ्याला आणि डॉक्टरांना काय प्यायलं ते स्पष्ट सांगा. किती चमचे हे आठवून गुणाकार-भागाकार करून खरा आकडा काढता येत नाही. टेस्ट पुन्हा करायची, एवढाच उपाय. आकडा कमी आला असेल तर तो दिलासा समजू नका. आणि एवढ्या कमी ग्लुकोजवरही तो १४० च्या वर गेला असेल, तर "साखरेमुळे आला असेल" म्हणून सोडून न देता डॉक्टरांना लवकर गाठा.

ग्लुकोजने मळमळतं म्हणून साखर घेतली असेल, तर तेही सांगा. घोटघोट पण दहा मिनिटांच्या आत प्या. पहिल्या अर्ध्या तासात उलटी झाली तर त्या दिवशी टेस्ट नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा. अर्ध्या तासानंतर झाली तर टेस्ट चालू ठेवतात.

त्या वहिनी दोन दिवसांनी परत आल्या. पाकीट मी समोर फोडलं, पाणी समोर ढवळलं, आणि त्या दोन तास पंख्याखाली बसल्या. आकडा आला १६१. म्हणजे परवाच्या १०८ वर विसंबलो असतो, तर मधुमेह असलेली बाई "नॉर्मल" म्हणून घरी गेली असती.

डॉक्टरांनी आधी आहार बांधून दिला, आणि दोन आठवड्यांनी जेवणानंतरची शुगर बघायला सांगितली. त्या दिवशी सासूबाईंनी पिशवीतून पुन्हा तीच स्टीलची बाटली काढली. मी काही बोलायच्या आधीच म्हणाल्या, "साधं पाणी आहे हो." मग जरा थांबून विचारलं, "या वेळी ग्लुकोजचं पाकीट नको?" नको होतं. ही तपासणी उपचार लागू पडतोय का ते बघते, म्हणून नेहमीचं घरचं जेवण जेवून दोन तासांनी रक्त द्यायचं, आणि इथली रेघ १२० ची असते. वहिनी दोन पोळ्या, मेथीची भाजी आणि वरण खाऊन आल्या होत्या. आला ११४.