आजोबांच्या लग्नाच्या फोटोवरून चित्र आणि सोबतचे पत्र : या चुका टाळा

माझ्या आजोबांचे लग्न १९६४ च्या मे महिन्यात मिरजेला झाले. लग्नानंतर दुसऱ्या दिवशी त्यांनी आणि आजीने स्टुडिओत जाऊन उभ्याने काढून घेतलेला पोस्टकार्डाएवढा कृष्णधवल फोटो हीच त्या लग्नाची आमच्या घरात उरलेली एकमेव खूण आहे. त्यावरून तैलचित्रासारखे दिसणारे रंगीत चित्र तयार करून ते पत्रासोबत आजोबांना पाठवायचे मी ठरवले. पहिले चित्र मी पाठवले नाही, कारण ते पाहून आईने "हे कोण?" असे विचारले. दुसरे पाठवले. या दोन चित्रांमध्ये आणि पत्राच्या दोन मसुद्यांमध्ये ज्या चुका झाल्या, त्या येथे क्रमाने सांगते.

फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका

आमचा फोटो फ्रेममध्ये होता आणि ओलाव्याने त्याचा एक कोपरा काचेला चिकटला होता. अशा फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो. तो पाण्याने फुगतो आणि ओढल्यास कागदापासून सुटून काचेवरच राहतो. त्यामुळे पाणी, स्पिरिट किंवा पट्टीची धार यांपैकी काहीही न वापरता काचेसकट स्कॅन करणे हाच सुरक्षित मार्ग आहे. त्यासाठी काच फक्त बाहेरून पुसावी.

फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच करावा. रंगीत स्कॅन लाल, हिरवा आणि निळा अशा तीन चॅनेलचा, म्हणजे एकेका रंगाच्या थराचा बनतो. फोटोवर पडलेले पिवळट डाग निळ्या चॅनेलमध्ये सर्वांत गडद आणि लाल चॅनेलमध्ये सर्वांत फिके दिसतात, म्हणून पुढील कामासाठी लाल चॅनेल वेगळा काढून घेतला की निम्मी दुरुस्ती आपोआप होते. आमचा फोटो १४ सेंटिमीटर उंच होता आणि चित्र ३० सेंटिमीटर उंच हवे होते, म्हणजे दुपटीहून थोडे जास्त. ६०० डीपीआयचा, म्हणजे दर इंचाला ६०० पिक्सेलचा स्कॅन त्यासाठी पुरेसा ठरला.

एकच फिल्टर चेहऱ्यावर आणि शालूवर लावू नका

पहिल्या चित्रातील सर्वांत मोठी चूक ही होती. मी GIMP या चित्रसंपादनाच्या प्रोग्राममधील Oilify हा फिल्टर संपूर्ण फोटोवर एकाच मापाने लावला. शालूच्या चुण्या, मागचा रंगवलेला पडदा आणि कोटाची बाही सुरेख दिसू लागली. चेहरे मात्र अनोळखी झाले. कारण साध्या मोजणीत सापडते. फोटोत आजोबांचा चेहरा १४ मिलिमीटर उंच आहे, म्हणजे ६०० डीपीआयच्या स्कॅनमध्ये सुमारे ३३० पिक्सेल. त्यात एका डोळ्याची रुंदी जेमतेम ४५ पिक्सेल येते आणि बुबुळाची १८. मी फिल्टरची त्रिज्या ८ ठेवली होती, म्हणजे त्याचा प्रत्येक ठिपका सुमारे १७ पिक्सेलचा होता. बुबुळाएवढाच ठिपका असला की नजर उरत नाही, डोळ्याच्या जागी एक काळा डाग राहतो.

त्यावर उपाय असा की, फिल्टर मूळ चित्राच्या प्रतीवर, वेगळ्या लेयरवर, म्हणजे वेगळ्या थरावर लावावा आणि मास्क, म्हणजे लेयरचा हवा तो भाग झाकण्याची सोय वापरून तो चेहरे, हात आणि दागिने यांवरून पूर्ण काढून टाकावा. चेहऱ्यावर मग त्रिज्या २ ते ३ एवढीच ठेवून कपाळ व गाल यांना हलका स्पर्श द्यावा, आणि डोळे, नाकपुड्या व ओठांच्या कडा लहान ब्रशने हाताने रंगवाव्यात. चूक झाली आहे की नाही हे ओळखण्यासाठी चित्र टपाल तिकिटाएवढे लहान करून पाहावे. ओळखीचा माणूस तेवढ्या आकारातही ओळखू येतो. येत नसेल तर डोळ्यांकडे परत जावे.

वण आणि डाग यांत गल्लत करू नका

आजोबांच्या गालांवर देवीचे वण आहेत. पहिल्या वेळी धुळीचे ठिपके काढताना मी तेही पुसून टाकले आणि त्वचा एक छटा उजळ केली, कारण स्क्रीनवर ती "छान" दिसत होती. आईचा प्रश्न त्यातूनच आला होता.

हा फरक ओळखण्याची खूण आहे. निगेटिव्हवर बसलेली धूळ फोटोत कडक कडेचा पांढरा ठिपका म्हणून उमटते आणि ती चेहरा, कोट, पडदा असा भेद करत नाही. वण मात्र फक्त त्वचेवर असतो, त्याची कड मऊ असते, आणि स्टुडिओतील दिवा ज्या बाजूला असेल त्याच्या उलट कडेला त्याची छटा उजळ दिसते. सर्व वणांमध्ये ही दिशा एकच असते. स्कॅनरच्या काचेवरील धूळ ओळखण्यासाठी फोटो थोडा सरकवून दुसरा स्कॅन घ्यावा, म्हणजे फोटोच्या तुलनेत जो ठिपका जागा बदलतो तो फोटोतला नाही हे कळते. त्या काळचे स्टुडिओवाले निगेटिव्हवर बारीक पेन्सिलने वण भरूनही काढत असत, म्हणून त्याच वर्षांतील एखादा साधा घरगुती फोटो सोबत ठेवून चेहरा ताडून पाहणे फार उपयोगी पडते. मी आजोबांचे वण परत आणले आणि त्वचेचा रंग त्यांच्या आजच्या हातांवरून, मनगटाच्या आतील बाजूवरून घेतला.

राखाडी छटेवरून रंग ठरवू नका

कृष्णधवल फोटोत रंगाची माहिती नसते, फक्त उजळपणाची असते. गडद लाल आणि गडद हिरवा जवळजवळ एकाच राखाडी छटेत उमटू शकतात. आमच्या घरात सर्वांना आजीचा शालू हिरवा होता असे वाटत होते आणि मी तो हिरवाच रंगवला होता. नंतर मावशीने ट्रंकेतला शालू काढला. तो डाळिंबी निघाला. तो शालू हाच का, हे रंगावरून ठरणार नव्हते. फोटो भिंगाखाली धरून मी पदराच्या काठावरील कोयऱ्या पाहिल्या: दोन मोठ्या कोयऱ्यांमध्ये एक लहान फूल, आणि एका ठिकाणी फुलाऐवजी दुरुस्तीची साधी शिवण. ट्रंकेतल्या शालूवर तीच शिवण त्याच जागी होती. तेव्हा खात्री झाली.

जुन्या रेशमाचा रंग उघड्या भागावर उडालेला असतो, म्हणून तो घडीच्या आतून किंवा काठाच्या उलट बाजूने पाहावा, आणि त्याचा फोटो ट्यूबलाइटखाली न घेता दिवसा सावलीत घ्यावा. रंग देताना नव्या लेयरचा मोड Normal ठेवल्यास चुण्या झाकल्या जातात आणि कापड पत्र्यासारखे सपाट दिसते. LCh Color हा मोड ठेवल्यास खालचा उजेड-अंधार तसाच राहून फक्त रंग बदलतो. मात्र काळी टोपी आणि मुंडावळ्यांचे मोती यांवर वेळ घालवू नये.

चित्राची मांडणी बदलण्यासाठी ते उलटे करण्याचाही मोह होतो. तसे केल्यास डाव्या नाकपुडीतली नथ उजवीकडे जाते आणि कोटाचा खिसाही. हे घरच्यांच्या नजरेतून सुटत नाही.

छापण्याआधी लहान तुकडा छापून पाहा

स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवून काम केले की छापील चित्र गडद येते आणि कोटाच्या घड्या काळ्यात बुडतात. फक्त चेहरे आणि कोट येतील असा पोस्टकार्डाएवढा भाग आधी छापून खिडकीजवळ पाहावा. आजोबांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे आणि चकाकी त्यांना त्रास देते, म्हणून मी चकचकीत कागद टाळून मॅट कागद घेतला. मागील बाजूस बॉलपेनने न लिहिता मऊ पेन्सिलने फक्त वर्ष आणि गाव लिहिले. पाकिटात चित्राच्या दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठे ठेवताना एकाच्या रेघा उभ्या व दुसऱ्याच्या आडव्या ठेवल्या, म्हणजे पाकीट वाकत नाही. मूळ फोटो त्याच पाकिटात कधीही घालू नये.

पत्रात केवळ कामाचे वर्णन करू नका

माझ्या पहिल्या मसुद्याची सुरुवात "स. न. वि. वि." अशी होती, हा सप्रेम नमस्कार बरोबरीच्या माणसांसाठी असतो, आजोबांना तो शोभत नाही. पुढे एक पानभर स्कॅन आणि लेयर यांचे वर्णन होते. त्यांना जे जाणून घ्यायचे असणार, म्हणजे मूळ फोटो कुठे आहे आणि हे रंग आले कुठून, ते त्यात नव्हते. शिवाय आठवणींचे अकरा प्रश्न होते, आणि शहाऐंशी वर्षांच्या माणसाला अकरा प्रश्न ही परीक्षाच वाटते. ठळक अक्षरांत, काळ्या शाईने, एकाच पानावर लिहिलेले दुसरे पत्र असे होते:

तीर्थरूप आजोबांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

तुमच्या आणि आजीच्या मिरजेच्या फोटोवरून तयार केलेले चित्र सोबत पाठवत आहे. मूळ फोटो आईच्या कपाटात फ्रेमसह तसाच आहे. त्याला मी हात लावलेला नाही.

आजीच्या शालूचा रंग मावशीकडच्या ट्रंकेतल्या शालूवरून घेतला आहे, त्यामुळे तो खरा आहे. चुडा हिरवा केला आहे. तुमच्या कोटाचा रंग मात्र मला कुठेच सापडला नाही, म्हणून तो मी अंदाजाने निळा केला आहे. मागच्या पडद्यावरची बाग आणि जिना हेही माझ्या अंदाजाचे रंग आहेत. तुमच्या चेहऱ्यात मी काही बदललेले नाही.

आजीच्या हातात रुमाल घट्ट धरलेला आहे, हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा दिसले. तो मी सर्वांत शेवटी आणि सर्वांत हळू रंगवला.

एकच विचारते: कोट कोणत्या रंगाचा होता? उत्तर फोनवर सांगितले तरी चालेल.

कळावे, लोभ आहेच तो वाढावा.
तुमची नात

अंदाज कोणता आणि पुरावा कोणता हे वेगळे सांगितल्याचा उपयोग आठवड्याभरात झाला. आजोबांचा फोन आला: कोट तपकिरी होता आणि तो त्यांचा नव्हता, थोरल्या भावाचा होता, म्हणून बाह्या लांब दिसतात. मी चित्र लेयर एकत्र न करता GIMP च्या .xcf फाइलमध्ये जपून ठेवले होते, त्यामुळे कोटाचा एकच लेयर बदलून नवी प्रत छापता आली. बाह्या मी आधी थोड्या आखूड केल्या होत्या. त्या आता पुन्हा फोटोतल्याएवढ्या लांब केल्या आहेत.