वार्षिक सभा चुकली तर: कंपाउंडिंग आणि अ‍ॅडज्युडिकेशनच्या तयारीची यादी

पुण्यातली एक छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी समजा. दोन डायरेक्टर, मॅनेजिंग डायरेक्टर नेमलेला नाही, सीएफओ नाही. 31 मार्च 2024 ला वर्ष संपलं. वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबर 2024 पर्यंत व्हायला हवी होती, पण ऑडिट रखडलं आणि सभा 31 डिसेंबरला झाली. साहजिकच ताळेबंदाचा AOC-4 आणि वार्षिक विवरणाचा MGT-7A हे फॉर्मही वेळेत गेले नाहीत. अशा वेळी बहुतेक जण “आरओसीकडे, म्हणजे कंपनी निबंधकाकडे, दंड भरून टाकू” म्हणतात. गोंधळ तिथेच सुरू होतो, कारण या एका उशिरातून दोन वेगळ्या वाटा फुटतात आणि त्यांवर निर्णय देणारे अधिकारीही वेगळे आहेत.

म्हणून यादीतलं पहिलं काम म्हणजे कंपनी कायदा, 2013 मधलं त्या त्या कलमाचं शिक्षेचं वाक्य काढून वाचणं. त्यात ‘फाइन’ लिहिलंय की ‘पेनल्टी’, एवढंच पाहायचं. मराठीत अनुक्रमे दंड आणि शास्ती. बोलताना आपण दोन्हीला दंडच म्हणतो. कायदा तसं म्हणत नाही. दंड असेल तर तो गुन्हा आहे, खटला होऊ शकतो आणि तो कलम 441 खाली कंपाउंड करून, म्हणजे खटल्याऐवजी ठरलेली रक्कम भरून, मिटवता येतो. शास्ती असेल तर खटला नाही. अ‍ॅडज्युडिकेटिंग ऑफिसर म्हणून आरओसीच कलम 454 खाली ती ठरवतात. सभा न घेतल्याबद्दलच्या कलम 99 मध्ये दंड आहे. विवरण न भरल्याबद्दलच्या कलम 92 आणि ताळेबंद न भरल्याबद्दलच्या कलम 137 मध्ये शास्ती आहे. तेव्हा फाइल दोन करा. एकाच अर्जात तिन्ही कलमं घातली तर कलम 92 आणि 137 पुरता तो अर्ज निरर्थक ठरतो.

शास्तीची बाजू आधी उरका, कारण तिथे वेळेला किंमत आहे. कलम 92(4) आणि 137 च्या चुकांसाठी कायद्यात एक मोठी सवलत आहे: नोटीस निघण्याआधी, किंवा निघाल्यापासून 30 दिवसांच्या आत, फॉर्म भरून चूक दुरुस्त केली तर शास्ती लागत नाही आणि कारवाई संपली असं मानलं जातं. मात्र हे 30 दिवस नोटीस निघाल्यापासून मोजायचे, तुम्ही ती उघडल्यापासून नाही. आणि 16 सप्टेंबर 2024 पासून नोटीस, उत्तर, सुनावणी सगळं ई-अ‍ॅडज्युडिकेशन प्लॅटफॉर्मवर चालतं. कंपनीच्या नोंदीतला ईमेल सोडून गेलेल्या अकाउंटंटचा असेल, तर नोटीस त्याच्याकडे पडून राहते आणि सवलत हातची जाते. म्हणून कंपनीचा आणि दोन्ही डायरेक्टरांचा नोंदवलेला ईमेल आजच तपासा. फॉर्म उशिरा भरल्याबद्दल प्रत्येक फॉर्ममागे रोज 100 रुपयांची जादा फी मात्र चुकत नाही. ती शास्तीपासून वेगळी.

सवलतीची मुदत हुकली तर हिशोब मांडून ठेवा. कलम 137 खाली 10,000 रुपये आणि चूक चालू असेल तोवर रोज 100 रुपये, कंपनीला कमाल 2 लाख आणि व्यक्तीला कमाल 50,000. दोनशे दिवसांचा उशीर धरला तर 30,000 होतात. कंपनी स्मॉल कंपनी असेल, म्हणजे तिचं भांडवल आणि उलाढाल कायद्यातल्या मर्यादेत असेल, तर कलम 446बी मुळे निम्म्याहून जास्त लावता येत नाही, म्हणजे 15,000. आपल्या उदाहरणात एमडी आणि सीएफओ नाहीत आणि बोर्डाने एका डायरेक्टरवर ही जबाबदारी सोपवलेली नाही, म्हणून दोन्ही डायरेक्टरांवर वेगळे 15,000 येतात. डायरेक्टरची रक्कम कंपनीच्या खात्यातून भरू नका. ती त्याने स्वतःच्या खिशातून भरायची असते. नोटिशीला उत्तर देताना स्मॉल कंपनी असल्याचा पुरावा, म्हणजे भरणा झालेलं भांडवल आणि उलाढाल दाखवणारी पानं, सोबत जोडा. आदेश मान्य नसेल तर तो मिळाल्यापासून 60 दिवसांत रीजनल डायरेक्टरांकडे, म्हणजे आरओसीच्या वरच्या अधिकाऱ्याकडे, ADJ फॉर्ममध्ये अपील करता येतं.

आता दंडाची बाजू. कलम 99 खाली 1 लाखापर्यंत आणि चूक चालू राहील तितके दिवस रोज 5,000 पर्यंत, कंपनीला आणि कसूरदार अधिकाऱ्यांना प्रत्येकी. 1 ऑक्टोबर ते 30 डिसेंबर हे 91 दिवस. 4,55,000 अधिक 1 लाख म्हणजे प्रत्येकी कमाल 5,55,000. ही कमाल मर्यादा आहे, प्रत्यक्ष रक्कम त्याहून बरीच कमी ठरू शकते. पण कोणाकडे जायचं ते कमाल रकमेवरूनच ठरतं. कमाल दंड 25 लाखांपर्यंत असेल तर रीजनल डायरेक्टर, त्याच्या वर गेला की एनसीएलटी, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी तिचं मुंबई खंडपीठ. याच कलमात 480 दिवसांना आकडा बरोबर 25 लाख होतो. 481 व्या दिवशी प्रकरण एनसीएलटीत जातं. उशिराचे दिवस मोजण्यात ढिलाई झाली तर अर्ज चुकीच्या दारात पडतो. आणि हो, 446बी ची निम्मी सवलत इथे मागू नका. ती शास्तीसाठी आहे, दंडासाठी नाही.

अर्ज लिहिण्याआधी तीन गोष्टी पक्क्या करा. सभा खरोखर झाली आहे, कारण चूक चालू ठेवून मागितलेली तडजोड टिकत नाही. सभेची नोटीस, इतिवृत्त आणि भरलेल्या AOC-4 चा एसआरएन, म्हणजे पोर्टलवरचा नोंद क्रमांक, हाताशी ठेवा. मागच्या तीन वर्षांत अशीच चूक कंपाउंड केलेली नाही, कारण असेल तर पुन्हा ती वाट मिळत नाही. आणि कंपनीविरुद्ध या कायद्याखाली तपास सुरू नाही.

अर्ज GNL-1 फॉर्ममधून आरओसीकडेच जातो, पण आरओसी इथे निर्णय देत नाहीत. आपला अभिप्राय जोडून तो पुढे पाठवतात. त्यामुळे अर्जातल्या तारखा आरओसीच्या नोंदींशी जुळायलाच हव्यात. सभेची तारीख अर्जात 31 डिसेंबर आणि MGT-7A मध्ये 30 डिसेंबर अशी पडली तर अभिप्रायात तीच विसंगती येते आणि सुनावणी तिच्यावरच खर्च होते. सोबत बोर्डाचा ठराव, प्रतिज्ञापत्र, दिवसांचा आणि कमाल दंडाचा तक्ता, ताळेबंद आणि उशिराचं कारण जोडा. ऑडिट रखडलं म्हणत असाल तर ऑडिटरशी झालेला तारीखवार पत्रव्यवहार लावा. नुसत्या “अपरिहार्य कारणास्तव” या शब्दांनी रक्कम कमी होत नाही.

आदेश आल्यावर दोन मुदती वेगळ्या लिहून ठेवा. कंपाउंडिंग झाल्यापासून सात दिवसांत आरओसींना कळवायचं असतं, आणि आदेश INC-28 फॉर्ममध्ये भरायचा. शास्ती मात्र आदेशाची प्रत मिळाल्यापासून 90 दिवसांत पोर्टलवर भरायची. ती चुकली तर कंपनीला 25,000 ते 5 लाख दंड, आणि कसूरदार डायरेक्टरला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 25,000 ते 1 लाख दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणजे 15,000 ची शास्ती न भरल्याने प्रकरण पुन्हा गुन्ह्याच्या बाजूला सरकतं.