दिवाळीची शिलाई: अष्टमीपर्यंत ऑर्डर, आस्तर भिजवलेलंच

ताई, वहिनी, काकू, सगळ्यांना नमस्कार.

दिवाळीच्या कपड्यांची ऑर्डर नवरात्रातल्या अष्टमीला रात्री नऊ वाजेपर्यंत घेतली जाईल. खंडेनवमीला मशिनींची पूजा असते, त्या दिवशी शिलाई बंद. अष्टमीपासून धनत्रयोदशीपर्यंत वीसेक दिवस हातात राहतात आणि त्यातच कटिंग, ट्रायल, काजं-हूक, फॉल-पिको सगळं बसवायचं असतं. म्हणून "एकच ब्लाउज आहे हो" हे नवमीनंतर चालणार नाही. आरी वर्क करायचं असेल तर कापड घटस्थापनेआधीच द्या, कारण ते काम बाहेरच्या कारागिराकडे जातं आणि त्याच्याकडची रांग आपल्या हातात नाही.

आता काय आणायचं ते. साडी, ब्लाउजपीस, हे सांगायला नको. मापाला नीट बसणारा एक ब्लाउज आणा, पण या वर्षी बसणारा, लग्नातला नको. साडीतला ब्लाउजपीस घरी कापू नका. काठ बाहीला घ्यायचा की पाठीला, हे ठरल्याशिवाय कात्री लावली तर काठ पुरत नाही.

आणि आस्तर भिजवून आणा. गेल्या दिवाळीत नेमकं हेच राहिलं आणि तुळशीच्या लग्नापर्यंत ब्लाउज परत येत होते, म्हणून यंदा कोरं आस्तर काउंटरवरच परत दिलं जाईल.

कारण असं. पैठणीचं रेशीम तुम्ही पाण्यात घालत नाही, पण आतलं टू बाय टू सुती असतं. घाम, वाफेची इस्त्री किंवा एखादी हलकी धुलाई एवढ्यानेही ते आटतं. वरचं कापड आहे तेवढंच राहतं आणि आतलं लहान होतं. मग खालची दुमड आत वळते, टक्सपाशी चुण्या पडतात, मुंढा काचतो, आणि बाईला वाटतं आपलं वजन वाढलं. "माया सोडली आहे ना, उसवून द्या" असं म्हणतात, पण माया बाजूच्या शिवणीत असते. उंचीत आटलेल्या आस्तराला ती काही कामाची नाही.

किती आटतं ते घरी बघता येतं. कोऱ्या आस्तरावर पेन्सिलीने उभी दहा इंचांची रेघ मारा, तशीच एक आडवी मारा, मग भिजवून, वाळवून, इस्त्री करून पुन्हा मोजा. उभी रेघ ९.६ इंच भरली तर पंधरा इंच उंचीच्या ब्लाउजमध्ये अर्ध्या इंचाहून जास्त गेलं. आडवं सहसा कमी आटतं, पण दोन टक्के धरलं तरी अडतीसच्या घेरात पाऊण इंच जातं. एवढ्याने हूक लागायचं थांबतं.

भिजवायचं असं: साध्या पाण्यात रात्रभर पूर्ण बुडवून ठेवा, शिंपडून भागत नाही. पिळू नका, सावलीत सरळ वाळत घाला, किंचित ओलसर असतानाच इस्त्री फिरवा आणि मग पुरतं सुकू द्या. दमट कापड कापलं की माप फसतं. लाल, हिरवं, मरून वेगवेगळं भिजवा. दोन-तीनदा पाणी बदलूनही रंग सुटत असेल तर ते आस्तर फिक्या कापडाखाली लावू नका, काखेत डाग उतरतो. आटायचं धरून एक मीटर आणा, बाही कोपरापर्यंत असेल किंवा माप चाळीसच्या वर असेल तर सव्वा मीटर. जांभळी नाक्यावर घेताना दुकानदार "धुतलेलंच आहे" म्हणेल, तरी भिजवा. दुकानात आम्ही का भिजवत नाही, असं विचारू नका. एका गाळ्यात सगळ्यांची आस्तरं वाळत घालायला दोरी कुठे बांधू?

क्रेपचं आस्तर असेल तर भिजवण्याची गरज नाही, फक्त ते घाम शोषत नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कळेल.

फॉलही सुती असेल तर भिजवा. हो, फॉलसुद्धा! कोरा लावला की पहिल्या धुण्यानंतर साडीचा खालचा काठ गोळा होतो आणि निऱ्या सरळ पडत नाहीत. सुती कुर्त्याचं कापडही भिजवूनच.

ट्रायल कोजागरीनंतर, सांगितलेल्या दिवशी. नेहमीची अंतर्वस्त्रं घालून या, नाहीतर छातीचं माप खोटं येतं. गळा खोल करायचा असेल तर तेव्हाच बोला, नंतर तो उथळ होत नाही. लहान मुलांचे कपडे एक बोट सैल शिवणार, वाद नको.

कपडे वसुबारसेपर्यंत न्या. येताना पावती. बाकी पैसे तेव्हाच. आणि पिशवी भरताना एकदा हात लावून बघा, आस्तर भिजवलंय ना?